‘खाल्ल्याने’ की ‘खाल्ल्यानंतर’?

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तालुक्याच्या बातमीदाराची कॉपी वाहिनीच्या डेस्कवर येते. बरोबर कॅमेऱ्यानं टिपलेले पाच-सहा तुकडे असतात. सातच्या बातमीपत्रात ही बातमी जायची असते. ती अशी:

“जिल्हा परिषदेच्या शाळेत आज दुपारी पोषण आहारातील खिचडी खाल्ल्याने ४३ विद्यार्थ्यांना विषबाधा झाल्याची धक्कादायक घटना उघडकीस आली आहे. खिचडीत मेलेली पाल आढळल्याने एकच खळबळ उडाली असून पालकांमध्ये संतापाचे वातावरण आहे. मळमळ व उलट्यांचा त्रास होऊ लागल्याने विद्यार्थ्यांना तातडीने ग्रामीण रुग्णालयात दाखल करण्यात आले. त्यांपैकी पाच जणांना जिल्हा रुग्णालयात हलविण्यात आले असून सर्वांची प्रकृती स्थिर असल्याचे सांगण्यात आले. अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठविण्यात आले असून दोषींवर कठोर कारवाई होणार असल्याचे समजते.”

ही कॉपी मी या लेखासाठी रचली आहे, पण वृत्तपत्र वाचणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. ही पडद्यावर न्यायची म्हणजे वाक्यं छोटी करायची आणि ‘करण्यात आले’चं ‘केलं’ करायचं, एवढंच काम आहे असं डेस्कवर नव्यानं आलेल्या प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. खरं काम त्याआधीचं असतं. पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक वाक्यापुढं लिहायचं: हे कुणी सांगितलं?

वरच्या पाच वाक्यांपुढं काहीच लिहिता येत नाही. त्यांत एकही माणूस बोललेला नाही. विषबाधा झाली, पाल आढळली, सांगण्यात आले, समजते. मराठीतली ही रचना बातमीदाराच्या हाताला इतकी सवयीची झालेली आहे की सांगणारा गायब झाल्याचं त्याच्याही लक्षात येत नाही. म्हणून पहिली पायरी म्हणजे फोन उचलायचा आणि बातमीदाराला एकेक वाक्य विचारत जायचं.

फोनवर चित्र बदलतं. ४३ हा आकडा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी दिला आहे आणि तो संध्याकाळी पाचचा आहे. मुलं खाटांवर आहेत हे बातमीदारानं स्वतः वॉर्डात जाऊन पाहिलं आहे. ‘विषबाधा’ हा शब्द मात्र डॉक्टरांनी वापरलेला नाही. लक्षणं तशी दिसतात, पण तपासणीचा अहवाल आल्याशिवाय सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. पाल पाहिलेला एकही माणूस बातमीदाराला भेटलेला नाही. दोन पालकांनी तसं सांगितलं, आणि तेही मुलांकडून ऐकून. मुख्याध्यापक म्हणतात, नियमाप्रमाणं वाढण्याआधी एका शिक्षकानं खिचडीची चव घेतली होती आणि त्यांना काही झालेलं नाही. आणि दोषींवर कठोर कारवाई? “ते असंच लिहिलंय, सर. शेवटी काहीतरी लागतं ना.”

म्हणजे पाच वाक्यांतलं एक खोटं नव्हे, पण अनाथ निघालं. ते कापायचं. उरलेल्या प्रत्येक माहितीला आता धनी आहे, आणि बुलेटिनची स्क्रिप्ट म्हणजे या धन्यांना योग्य क्रमानं उभं करणं.

आता शीर्षकातल्या दोन शब्दांकडं येतो. ‘खिचडी खाल्ल्याने मुलं आजारी पडली’ असं म्हटलं की कारण ठरून गेलं. ‘खिचडी खाल्ल्यानंतर मुलं आजारी पडली’ म्हटलं की फक्त क्रम सांगितला: आधी जेवली, मग उलट्या झाल्या. त्या क्रमाबद्दल कुणाचंच दुमत नाही. डॉक्टर, शाळा, पालक, सगळे तेच सांगतात. पाणी खराब असू शकतं, वाटेत विकत घेतलेलं आइसगोळ्याचं सरबत असू शकतं, खिचडीच असू शकते. ‘ने’ आणि ‘मुळे’ हे प्रत्यय न्यायनिवाडा करतात. कॉपीत ते दिसले की थांबून विचारायचं: हा निवाडा कुणी दिला?

दुसरा बदल वाक्याच्या बांधणीचा. छापील मराठीत सांगणारा शेवटी येतो: ‘खिचडीत पाल आढळली, असा आरोप पालकांनी केला.’ वाचणाऱ्याची नजर वाक्यभर एका झटक्यात फिरते, मागंही जाते. टीव्ही बघणाऱ्याला ती सोय नाही. तो कदाचित बघतही नसेल. आतल्या खोलीत भाकरी थापता थापता त्याच्या कानावर ‘खिचडीत पाल आढळली’ एवढं पडतं, कुकरची शिट्टी होते आणि ‘असा आरोप’ त्या शिट्टीत बुडतो. त्याच्या लेखी वाहिनीनं पाल आढळल्याचं जाहीर केलं. म्हणून बोलायच्या बातमीत सांगणारा आधी आणि सांगितलेलं नंतर: ‘काही पालकांचा आरोप आहे, की खिचडीत पाल पडली होती.’ हे मराठीला परकं नाही. गप्पा मारताना आपण असंच बोलतो: ‘शेजारच्या काकू सांगत होत्या, उद्या पाणी येणार नाही.’ बातमी लिहायला बसल्यावरच आपण वाक्य उलटं करतो.

अडचण एवढीच की प्रत्येक वाक्यात ‘की’ आला तर अँकर कंटाळवाणा वाटतो. मग ‘डॉक्टर सांगतात’, ‘शाळेचं म्हणणं असं’, ‘रुग्णालयाच्या नोंदीनुसार’ अशी आलटून-पालटून वळणं घ्यावी लागतात. क्रियापद मात्र विविधतेसाठी बदलू नये, कारण ही क्रियापदं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘सांगितलं’ कुणाची बाजू घेत नाही. ‘दावा केला’ म्हटलं की ऐकणाऱ्याला शंका येते. ‘कबूल केलं’ म्हणजे गुन्हा आधीच धरून चालणं. मुख्याध्यापक त्या दिवशी रजेवर असतील आणि आपण लिहिलं की ‘आपण रजेवर होतो, अशी कबुली मुख्याध्यापकांनी दिली’, तर साधी रजासुद्धा आरोपपत्रात जाऊन बसते. आणि ‘कथित विषबाधा’? हा शब्द सावधपणाचा दिखावा करतो. कथित म्हणजे कुणीतरी म्हटलेलं. कुणी, तेच सांगायचं राहून जातं.

आता अँकरच्या ओळी. मराठीत वाचताना सेकंदाला साधारण दोन शब्द हा डेस्कवरचा ढोबळ हिशेब. अँकरला वीस सेकंद द्यायचे तर चाळीसएक शब्द हातात आहेत. मी पहिल्यांदा असं लिहिलं असतं:

“शाळेतली खिचडी खाल्ल्यानंतर त्रेचाळीस मुलं आजारी पडली आहेत. ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर सांगतात, सगळ्यांची प्रकृती स्थिर आहे. काही पालकांचा आरोप आहे, की खिचडीत पाल पडली होती. शाळेनं तो नाकारला आहे. नेमकं काय झालं, हे प्रयोगशाळेच्या अहवालानंतरच कळेल.”

शेवटचं वाक्य वाचायला गोळीबंद आहे, पण ते चुकीचं आहे. अहवालानंतर कळेलच, अशी हमी कुणी दिली? नमुन्यात काहीच सापडलं नाही असंही होतं. ते बदलून ‘त्रास नेमका कशामुळे झाला, हे अजून स्पष्ट नाही’ असं केलं. एवढंच आज आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या वाक्याला सांगणारा दिलेला नाही, तो मुद्दाम. जे आपल्या माणसानं डोळ्यांनी पाहिलं आणि ज्याबद्दल कुणाचाच वाद नाही, ते सरळ सांगावं. प्रत्येक गोष्टीला ‘यांच्या म्हणण्यानुसार’चं शेपूट लावलं तर ज्या वाक्याला ते खरोखर हवं आहे तिथं ते ऐकू येत नाही.

‘४३’ हा आकडा टेलिप्रॉम्प्टरवर अक्षरात लिहिला आहे, तेही कारणासाठी. मराठीत आकडा डावीकडून दिसतो आणि उजवीकडून बोलला जातो. चार आधी दिसतो, पण ‘त्रे’ आधी म्हणायचा असतो. सरकत्या अक्षरांवर थेट प्रक्षेपणात ५९ समोर आले की एकोणसाठ की एकोणसत्तर, असा अर्धा सेकंद भल्याभल्यांचा जातो.

अँकरनंतर बातमीदाराचं पॅकेज सुरू होतं: दृश्यांवर त्याचा आवाज, म्हणजे व्हीओ, आणि मधे माणसांचं थेट बोलणं, म्हणजे बाईट. वैद्यकीय अधीक्षक कॅमेऱ्यासमोर दीड मिनिट बोललेत. त्यातले पंधरा सेकंद घ्यायचे. त्यांचं बोलणं असं:

“त्रेचाळीस मुलं आली. पाच जणांना जास्त उलट्या होत होत्या, म्हणून जिल्हा रुग्णालयात पाठवलंय. सगळे स्टेबल आहेत, ते पाचही. फूड पॉयझनिंगसारखं दिसतंय, पण रिपोर्ट आल्याशिवाय मी तसं सांगू शकत नाही.”

कात्री कुठं लावायची? ‘फूड पॉयझनिंगसारखं दिसतंय’ इथं कापलं तर बाईट झणझणीत होतो आणि दोन-तीन सेकंदही वाचतात. शब्द डॉक्टरांचेच, आवाज त्यांचाच, खाली नावही त्यांचंच, आणि तरी डॉक्टरांनी जे म्हटलं नाही ते त्यांच्या तोंडी गेलं. छापील बातमीत चुकीचं अवतरण दिलं तर माणूस ‘मी असं बोललोच नाही’ म्हणू शकतो. इथं त्याला तेही म्हणता येत नाही. म्हणून ‘पण’ या शब्दाच्या आधी बाईट कापायचा नाही, हा नियम मी स्वतःपुरता पाळत आलो.

पालकाच्या बाईटमध्ये हाच सापळा दुसऱ्या टोकाला आहे. तो म्हणतो: “पोरगं म्हणलं, आबा, खिचडीत पाल व्हती. मी काय बघितली न्हाई, पर पोरगं खोटं कशाला बोलंल?” व्हिडिओ एडिटर घाईत असतो. त्याच्या कानाला ‘खिचडीत पाल व्हती’ हे सोनं वाटतं. आधीचे तीन शब्द आणि नंतरचं वाक्य उडवलं की ऐकलेली गोष्ट पाहिलेली होते आणि बाप साक्षीदार होतो. त्याची पट्टीही मग हमखास ‘प्रत्यक्षदर्शी’ अशी जाते. पट्टीवर ‘पालक’ असंच हवं. त्याची बोलीही तशीच राहू द्यावी. शहरी प्रेक्षकासाठी खाली प्रमाण मराठीत मजकूर देण्याची पद्धत मला तरी त्या माणसाचा अपमान वाटते.

बाईटच्या आधी व्हीओनं काय सांगायचं, हा डेस्कवरचा रोजचा वाद. हमखास होणारी चूक म्हणजे पोपटपंची. बातमीदार म्हणतो, ‘सर्व मुलांची प्रकृती स्थिर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं,’ आणि लगेच डॉक्टर येऊन सांगतात, ‘सर्व मुलांची प्रकृती स्थिर आहे.’ व्हीओनं माणूस आणि विषय उभा करायचा. उत्तर बाईटला देऊ द्यायचं. सगळं जुळवल्यावर आपलं पॅकेज असं दिसतं.

व्हीओ, वॉर्डातल्या दृश्यांवर: “मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलं, की जेवणानंतर तासाभरात मुलांना उलट्या होऊ लागल्या. शिक्षक आणि गावकऱ्यांनी मिळेल त्या गाडीनं मुलांना रुग्णालयात आणलं. तिथं संध्याकाळी पाचपर्यंत किती मुलं आली आणि ती कशी आहेत, हे सांगताहेत वैद्यकीय अधीक्षक.” मग डॉक्टरांचा बाईट, ‘पण’सकट. पुन्हा व्हीओ: “पालकांचा रोख मात्र खिचडीवर आहे. एका पालकाला त्यांच्या मुलानं काय सांगितलं, ते ऐका.” मग पालक, पूर्ण वाक्यासह. त्यानंतर शाळेच्या इमारतीवर: “मुख्याध्यापक कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाले नाहीत. फोनवर मात्र त्यांनी हा आरोप नाकारला. त्यांचं म्हणणं, वाढण्याआधी एका शिक्षकानं खिचडीची चव घेतली होती आणि त्यांना काही त्रास झालेला नाही.”

मुख्याध्यापकांचा बाईट नाही म्हणून त्यांची बाजू ‘शाळेनं आरोप फेटाळले’ एवढ्या तीन शब्दांत गुंडाळायची सवय आहे. समोर रडवेला बाप आणि उलट बाजूला तीन कोरडे शब्द. निकाल तिथंच लागतो. पालकाला नऊ-दहा सेकंद दिले तर शाळेच्या म्हणण्यालाही निदान तेवढे मिळायला हवेत, मग ते बातमीदाराच्या आवाजात का असेना.

शेवटी बातमीदार स्वतः कॅमेऱ्यासमोर येतो. हा पीटीसी. बहुतेक पीटीसी ‘आता प्रशासन काय पावलं उचलतं, याकडं सगळ्यांचं लक्ष लागलंय’ या वाक्यात विझतात. खरं तर संपूर्ण बातमीत ही एकच जागा आहे जिथं सांगणारा आणि पाहणारा एक असू शकतो. आपल्या बातमीदाराकडं तसं काही होतं: “माझ्या मागं शाळेची स्वयंपाकाची खोली आहे. तिला आता कुलूप आहे. आरोग्य विभागाचे कर्मचारी चार वाजता इथून खिचडीचे आणि पाण्याचे नमुने घेऊन गेले, तेव्हा मी इथंच होतो.” नमुने ‘पाठविण्यात आले’ या अनाथ वाक्याला इथं धनी मिळाला, आणि पाण्याचेही नमुने घेतले होते ही नवी माहिती त्याला विचारल्यामुळेच हाती आली. ‘खाल्ल्याने’ न म्हणण्याचं आणखी एक कारण त्यातून मिळालं. सगळं मिळून दीड मिनिटाच्या आसपास.

बोललेले शब्द असे सांभाळले तरी पडद्यावर छापलेले शब्द घात करतात. खालची मोठी पट्टी वेगळा माणूस लिहितो, बहुधा मूळ कॉपी बघून, आणि अँकरचं वाक्य संपलं तरी ती पट्टी झळकत राहते. सलूनमध्ये, बँकेत, हॉटेलात टीव्हीचा आवाज बंद असतो. तिथल्या माणसासाठी पट्टी हीच बातमी. ‘खिचडीतून ४३ मुलांना विषबाधा’ अशी पट्टी गेली तर वरची सारी मेहनत वाया. ‘शाळेत जेवणानंतर ४३ मुलं आजारी’ ही पट्टी तितकीच लांब आहे. पाल घ्यायचीच असेल तर ‘खिचडीत पाल होती, पालकांचा आरोप, शाळेचा नकार’. एवढी जागा नसेल तर पाल पट्टीत घेऊ नये. ‘खिचडीत पाल?’ असं प्रश्नचिन्ह टाकून सुटण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. प्रेक्षक प्रश्नचिन्ह वाचत नाही, पाल वाचतो.

दृश्यांनाही धनी असतो. तासाभरात गावच्या कुठल्याशा ग्रुपवरून खिचडीच्या पातेल्यात पाल असलेला व्हिडिओ येतो. पातेलं ॲल्युमिनियमचं, आपल्या शाळेतलं स्टीलचं. व्हिडिओतला आवाज हिंदी. बातमीदारानं शाळेत काढलेल्या दृश्यांशी एकदा ताडून पाहिलं तरी तो दुसरीकडचा आहे हे कळतं. ‘या व्हिडिओची आम्ही पुष्टी करत नाही’ अशी ओळ टाकून तो दाखवणं म्हणजे चोरीचा माल विकताना ‘माल कुणाचा, माहीत नाही’ असं म्हणणं. मुलांना गाडीतून उतरवतानाचा गावकऱ्यानं मोबाईलवर काढलेला तुकडा मात्र वापरता येईल. तो कुणी, किती वाजता काढला हे त्याच्याशी बोलून विचारायचं, मुलांचे चेहरे धूसर करायचे आणि कोपऱ्यात ‘ग्रामस्थानं काढलेलं दृश्य’ असं लिहायचं. आणि वर्षभरापूर्वीच्या दुसऱ्या कुठल्या शाळेतली जेवणाची पंगत भरतीला टाकायचीच असेल, तर ‘संग्रहित’ हा शब्द ते दृश्य असेपर्यंत पडद्यावर राहिला पाहिजे.

चित्र आणि शब्द यांची गाठ चुकली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्याकडंच घडलं. २००८च्या सप्टेंबरमध्ये एका इंग्रजी वाहिनीनं भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत नावसाधर्म्यामुळं भलत्याच न्यायमूर्तींचं छायाचित्र दाखवलं. ते छायाचित्र सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं होतं आणि पडद्यावर साधारण १५ सेकंद होतं. सावंतांनी पुण्याच्या न्यायालयात दावा लावला. २०११ मध्ये न्यायालयानं १०० कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या १५ सेकंदांत उच्चारलेल्या शब्दांत सावंतांचं नावही नव्हतं.

रात्री नऊच्या बातमीपत्रापर्यंत दुसरी वाहिनी ‘साठहून अधिक मुलांना विषबाधा’ चालवू लागते. शिफ्टचा प्रमुख विचारतो, आपण ४३ वरच का? इथं ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ मदतीला धावून येतं. बहुतेक वेळा ही अनेकवचनी सूत्रं म्हणजे समोरचा टीव्ही. पुन्हा फोन लावला. अधीक्षक म्हणाले, रात्री साडेआठपर्यंत एक्कावन्न. त्यातल्या नवानं आलेल्या आठांना त्रास नाही, पालकांनी खबरदारी म्हणून आणलं आहे. अँकरची ओळ बदलली: “ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक सांगतात, रात्री साडेआठपर्यंत एक्कावन्न मुलं दाखल झाली आहेत. त्यातल्या आठ जणांना केवळ खबरदारी म्हणून ठेवलं आहे.” आकड्याला माणूस आहे, वेळ आहे, आणि उद्या सकाळी तो बदलला तरी आजचा चुकीचा ठरणार नाही.

रात्रपाळीला जाताना असाइनमेंटच्या वहीत एक नोंद करून ठेवली: खिचडी आणि पाणी, दोन्ही नमुन्यांचा अहवाल, आरोग्य विभागाला विचारणे, चार दिवसांनी. अहवालात काहीही सापडलं नाही, तरी त्याला बातमीपत्रात वीस सेकंद.